एक विधेयक, दोन डिसेंबर

१६ डिसेंबर २००५ रोजी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात महाराष्ट्र विधानसभेने एक विधेयक संमत केलं. नरबळी, भानामती, करणी, भूत उतरवण्यासाठी होणारी मारझोड अशा प्रकारांना गुन्हा ठरवणारं. दुसऱ्या दिवशी सभागृहाने मान्यता दिल्याच्या बातम्या छापून आल्या आणि राज्यातल्या बऱ्याच लोकांचा समज झाला की कायदा झाला. तो झाला नव्हता. त्याच शहरात, त्याच विधान भवनात, त्याच विषयावरचं विधेयक १३ डिसेंबर २०१३ रोजी विधानसभेने पुन्हा संमत केलं, १८ डिसेंबरला विधान परिषदेने त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि २० डिसेंबरला ते राजपत्रात अधिनियम म्हणून प्रसिद्ध झालं. पहिल्या खेपेला चार वर्षं पुरली नाहीत, दुसऱ्या खेपेला आठवडाभर पुरला.

विधेयकाचा कायदा कसा होतो, हे शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण सगळ्यांनीच वाचलेलं असतं. तीन वाचनं, दोन सभागृहं, एक सही. पण हा रस्ता नेमका कुठे अरुंद होतो, कुठे गाडी अडते आणि अडली तर ती हलवायचा अधिकार कोणाकडे असतो, हे त्या पाठातून कळत नाही. ते या दोन डिसेंबरांतून कळतं.

आधी नागपूरविषयी थोडं. १९५३ च्या २८ सप्टेंबरला झालेल्या नागपूर करारात विदर्भाच्या लोकांना एक आश्वासन दिलेलं होतं : राज्याचं विधिमंडळ वर्षातून एकदा तरी नागपुरात भरेल. जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी असलेल्या या शहराने राजधानीपद सोडलं, त्याच्या बदल्यातलं हे देणं होतं. म्हणून दर हिवाळ्यात मुंबईहून मंत्री, सचिव, फायली, टंकलेखक, मार्शल असा सगळा लवाजमा सिव्हिल लाइन्समध्ये येऊन उतरतो. मुख्यमंत्री ‘रामगिरी’वर, मंत्री रविभवनात, आमदार आमदार निवासात. रस्त्यांवर मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटपाशी आणि टेकडी रोडवर ते अडवले जातात, शिष्टमंडळं आत जाऊन मंत्र्यांना निवेदनं देतात. वैदर्भीय माणसाला अधिवेशन म्हणजे मोर्चा आणि गोंधळ एवढंच आठवतं. पण या थोड्या दिवसांत आत जे काही संमत होतं, ते गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत प्रत्येक पोलीस ठाण्यात लागू होतं.

या विशिष्ट कायद्याशी नागपूरचं नातं त्याहून जवळचं आहे. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८२ मध्ये याच शहरात सुरू झाली आणि तिचे श्याम मानव कायद्याच्या मसुद्याच्या घडणीत सुरुवातीपासून होते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९ ची. दोन संघटनांच्या वाटा वेगळ्या होत्या, मागणी एक होती.

मागणी पहिल्यांदा विधिमंडळात पोचली ती १९९५ मध्ये, विधान परिषदेत आलेल्या अशासकीय ठरावाच्या रूपाने. असा कायदा करावा, असं परिषदेने बहुमताने म्हटलं. इथे एक फरक लक्षात ठेवला पाहिजे, कारण वर्तमानपत्रं तो नेहमी पुसून टाकतात. ठराव म्हणजे सभागृहाचं मत. सरकारने ते ऐकावं अशी अपेक्षा असते, बंधन नसतं. ठरावातून कोणालाही अटक होत नाही की दंड होत नाही. कायदा करायचा तर विधेयक लागतं, आणि विधेयकासाठी प्रत्येक शब्द आधी लिहून काढावा लागतो. १९९५ च्या ठरावानंतर मसुदा मंत्रिमंडळापर्यंत पोचायलाच २००३ उजाडलं.

मसुदा कसा तयार होतो, हा भाग सभागृहाच्या गॅलरीतून दिसत नाही. विषय ज्या खात्याचा असेल ते खातं, इथे सामाजिक न्याय विभाग, आधी प्रस्ताव तयार करतं. मग तो विधी व न्याय विभागाकडे जातो. तिथले मसुदाकार पहिला प्रश्न विचारतात : हा विषय राज्याच्या अधिकारात आहे का? दुसरा : केंद्राच्या एखाद्या कायद्याशी तो आदळतो का? तिसरा, आणि सगळ्यात अवघड : ज्या कृत्याला शिक्षा द्यायची आहे, ते कृत्य इतक्या नेमक्या शब्दांत सांगता येईल का, की पोलीस निरीक्षकाला, न्यायदंडाधिकाऱ्याला आणि आरोपीला त्याचा एकच अर्थ लागेल?

या विधेयकाचं खरं दुखणं तिसऱ्या प्रश्नात होतं. अंधश्रद्धा म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात बसत नाही. एकाची श्रद्धा दुसऱ्याला अंधश्रद्धा वाटते आणि फौजदारी कायदा अशा वाटण्यावर उभा राहू शकत नाही. वारकरी संघटनांची भीतीही नेमकी हीच होती : उद्या एखादा फौजदार दिंडीत शिरून कीर्तनकाराला पकडेल. या भीतीचा राजकीय वापर झाला हे खरं, पण मुळात ती निराधार नव्हती. सैल शब्दांतल्या फौजदारी कायद्याचं काय होतं, हे आपल्या देशाने पुरेसं पाहिलेलं आहे.

अखेर मसुदाकारांनी जो मार्ग काढला तो मला आजही नमुनेदार वाटतो. व्याख्येचा नाद सोडून त्यांनी कृत्यांची यादी केली. कायद्याच्या शेवटी एक अनुसूची जोडली, तिच्यात बारा बाबी. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणं, काठीने किंवा चाबकाने मारणं, पादत्राण भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं, तापवलेल्या वस्तूचे चटके देणं. गुप्तधनासाठी अमानुष कृत्य किंवा नरबळी. एखादी व्यक्ती करणी करते असं जाहीर करून तिचं जगणं मुश्कील करणं, तिची नग्न धिंड काढणं. मूल होत नसलेल्या स्त्रीला अलौकिक शक्तीने मूल देतो असं सांगून तिच्याशी शरीरसंबंध ठेवणं. यादीत असलेलं कृत्य हा गुन्हा, यादीबाहेरचं या कायद्याखाली नाही.

त्यातली साप चावण्याविषयीची बाब जरा जवळून पाहू. विदर्भात धानाच्या बांधीत काम करणाऱ्यांना तिचं महत्त्व सांगायला नको. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणं किंवा परावृत्त करणं आणि त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे यांसारखे उपचार करणं, हा गुन्हा. दोन गोष्टी इथे जोडलेल्या आहेत. दवाखान्याच्या वाटेवर कोणी मनगटाला दोरा बांधला, तर तो गुन्हा नाही. दवाखान्यात जाऊ न देता दोरा बांधला, तर आहे. प्रतिविष मिळण्यात गेलेला वेळ माणसाचा जीव घेतो. दोरा घेत नाही. कायद्याने बोट ठेवलं आहे ते त्या वेळेवर. चांगला मसुदा असा असतो.

आणि उलट बाजूने, काय गुन्हा नाही याचीही यादी कायद्यातच आहे. प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा. हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन. होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगणं. शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान होणार नाही अशी घरातली, देवळातली, दर्ग्यातली, चर्चमधली उपासना. लहान मुलांचे कान-नाक टोचणं, जैनांचं केशलोचन. वास्तुशास्त्राचा, ज्योतिषाचा, नंदीबैलवाल्याचा सल्ला. पाणाड्याने विहिरीची जागा दाखवणं. हा भाग वाचला की विरोधकांशी झालेल्या वर्षानुवर्षांच्या वाटाघाटींचा माग लागतो. कार्यकर्त्यांपैकी कित्येकांना ही यादी म्हणजे माघार वाटली. मला ती कायद्याची ताकद वाटते, कारण न्यायालयात आरोपीच्या वकिलाला ‘हा कायदा धर्माविरुद्ध आहे’ असा बचाव घेण्याची जागा तिने फारशी ठेवलेली नाही.

आता २००५ कडे. मंत्रिमंडळाने मान्यता दिल्यावर विधेयक छापलं जातं. त्याच्या मागे उद्देश व कारणे यांचं निवेदन जोडलेलं असतं, सरकारवर खर्च पडणार असेल तर वित्तीय ज्ञापन आणि नियम करण्याचे अधिकार शासनाकडे जाणार असतील तर तसं सांगणारं आणखी एक ज्ञापन. वाचकांना माझी शिफारस आहे की कुठलंही विधेयक वाचायचं तर सुरुवात या शेवटच्या पानांपासून करावी. सरकारला नेमकं काय हवं आहे आणि किती गोष्टी ते पुढे स्वतःच्या हातात ठेवणार आहे, हे तिथे उघड होतं.

सभागृहातला पहिला टप्पा पुरःस्थापनाचा. मंत्री परवानगी मागतात, सभागृह देतं, विधेयक मांडलं जातं. एवढ्यावर साधारणपणे चर्चा होत नाही. खरं काम त्यानंतर : विधेयक विचारात घ्यावं, असा प्रस्ताव येतो आणि त्यावर सर्वसाधारण चर्चा होते. विधेयकाच्या तत्त्वाला विरोध असेल तर तो इथे करायचा. विधेयक चिकित्सा समितीकडे पाठवायचं की नाही, हेही याच टप्प्यावर ठरतं. मग खंडशः विचार सुरू होतो. गॅलरीत पहिल्यांदा बसलेल्या माणसाला हा भाग यांत्रिक वाटतो. अध्यक्ष एकेका खंडाचा क्रमांक पुकारतात, तो विधेयकाचा भाग व्हावा काय असं विचारतात, ‘होय’ आणि ‘नाही’चे आवाज येतात आणि पुढचा खंड. पण एखाद्या सदस्याने सुधारणेची सूचना आधी लेखी दिलेली असेल, तर ती मांडली जाते ती इथेच, त्या त्या खंडाच्या वेळी. खंड गेला की ती संधी गेली. खंड पहिला, म्हणजे विधेयकाचं नाव, आणि प्रस्तावना यांना सगळ्यात शेवटी घेतात, कारण आतलं बदललं तर नावही बदलावं लागू शकतं. सगळं झाल्यावर विधेयक संमत करावं असा अखेरचा प्रस्ताव येतो.

संमत व्हायला हजर राहून मत देणाऱ्यांचं साधं बहुमत पुरतं. विधानसभेचे सदस्य २८८. गणपूर्तीसाठी त्यांचा दहावा भाग, म्हणजे २९ जण आत असले की सभागृह चालू शकतं. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने संमत होतात. कोणी मतविभाजन मागितलं तरच डोकी मोजली जातात आणि कोण कोणत्या बाजूला होतं, हे कागदावर येतं. आपल्या आमदाराने एखाद्या कायद्याला पाठिंबा दिला की विरोध केला, हे बहुतेक वेळा आपल्याला कळूच शकत नाही, त्याचं कारण हे.

अशा रीतीने १६ डिसेंबर २००५ ला विधानसभेचा टप्पा पार पडला. पुढचं सभागृह विधान परिषद, आणि तिथे विधेयक थांबलं. विरोध वाढला, वारकरी आणि इतर संघटना रस्त्यावर आल्या, विधेयक चिकित्सा समितीच्या हाती गेलं. समितीकडे जाणं ही वाईट गोष्ट नाही, हे स्पष्ट सांगतो. सभागृहात तासाभरात होत नाही ते बारीक काम समितीच्या खोलीत होतं. नागरिकांच्या सूचना तिथेच वाचल्या जातात. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरातच मांडलेलं विशेष जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेलं तेव्हा बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या आणि त्यातून मसुद्यात काही बदलही झाले. समिती उपयोगी ठरते ती तिला मुदत असेल आणि ती पाळली जाईल तेव्हा. २००५ च्या विधेयकाच्या बाबतीत वर्षं उलटत गेली.

अशी वर्षं उलटण्याला कायद्यात मर्यादा आहे आणि इथे बऱ्याच जाणत्या माणसांचाही गैरसमज असतो. विधान परिषदेला विधानसभेचं विधेयक कायमचं अडवून धरता येत नाही. संविधानाच्या १९७ व्या अनुच्छेदात हिशेब सरळ आहे. परिषदेने विधेयक फेटाळलं, किंवा विधानसभेला मान्य नसलेल्या सुधारणा केल्या, किंवा विधेयक तिच्यापुढे ठेवल्याला तीन महिने होऊनही ते संमत केलं नाही, तर विधानसभा तेच विधेयक पुन्हा संमत करू शकते. ते परत परिषदेकडे जातं. आता परिषदेला फक्त एक महिना मिळतो. त्यानंतर परिषदेचं मत काहीही असो, विधेयक दोन्ही सभागृहांनी संमत केलं असं मानलं जातं. संसदेत लोकसभा आणि राज्यसभा यांच्यात मतभेद झाले तर संयुक्त बैठक बोलावता येते. राज्यात संयुक्त बैठकीची तरतूदच नाही, कारण तिची गरज नाही. अखेरचा शब्द विधानसभेचा.

म्हणजे डिसेंबर २००५ नंतरच्या तीन महिन्यांत परिषदेत काही घडलं नाही, तर २००६ च्या अर्थसंकल्पी किंवा पावसाळी अधिवेशनात विधानसभेला ते विधेयक पुन्हा संमत करता आलं असतं. बहुमत सरकारकडे होतं. हा मार्ग सरकारने वापरला नाही. परिषदेने अडवलं, वारकऱ्यांनी अडवलं, विरोधकांनी अडवलं, अशी कारणं नंतर बरीच दिली गेली. माझं मत स्पष्ट आहे : संविधानाने दिलेली किल्ली सरकारच्या खिशात होती आणि ती कुलपाला लावलीच गेली नाही.

किंमत २००९ मध्ये चुकवावी लागली. विधानसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे पडून असलेली विधेयकं व्यपगत होतात आणि विधानसभेने संमत केलेली पण परिषदेत अडकलेलीही. निव्वळ अधिवेशन संपल्याने विधेयक मरत नाही. सभागृह विसर्जित झाल्याने मरतं. महिला आरक्षणाचं विधेयक २००८ मध्ये मुद्दाम राज्यसभेत मांडलं ते यासाठीच, कारण राज्यसभा विसर्जित होत नाही. २०१० मध्ये राज्यसभेने ते संमत केलं, लोकसभेकडे गेलं आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबर तेही व्यपगत झालं. २००९ च्या निवडणुकीने नागपूरच्या १६ डिसेंबरचं श्रेय असंच पुसून टाकलं. सगळं पहिल्यापासून : नवा मसुदा, नवी मंत्रिमंडळ मान्यता, नवं पुरःस्थापन.

२०११ मध्ये सुधारित विधेयक आलं. पण कामकाज पत्रिकेवर नाव असणं आणि प्रत्यक्ष चर्चा होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवसाचा क्रम आधी प्रश्नोत्तरांनी सुरू होतो, मग कागदपत्रं, लक्षवेधी सूचना, स्थगन प्रस्तावांवरची खडाजंगी, आणि शासकीय विधेयकं बहुधा दुपारनंतर. कोणत्या विधेयकाला किती वेळ द्यायचा हे कामकाज सल्लागार समिती ठरवते, आणि सरकारला घाई नसलेलं विधेयक यादीत खाली खाली सरकत जातं. त्याला कोणी नाकारत नाही. ते फक्त पुकारलं जात नाही. विधेयक मारण्याचा हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे, कारण यात कोणाचंच मत नोंदलं जात नाही. दाभोलकर अधिवेशनामागून अधिवेशनं हे पाहत राहिले, आमदारांना भेटत राहिले, पत्रं लिहीत राहिले.

२० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांची गोळ्या घालून हत्या झाली.

दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळाने अध्यादेशाचा निर्णय घेतला. राज्यपाल के. शंकरनारायणन यांनी २४ ऑगस्टला सही केली आणि २६ ऑगस्टला अध्यादेश निघाला. अठरा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर सहा दिवस. जे सहा दिवसांत करता आलं ते त्या माणसाच्या हयातीत का करता आलं नाही, या प्रश्नाला महाराष्ट्राकडे उत्तर नाही.

अध्यादेश म्हणजे काय, हे इथे नीट समजून घ्यायला हवं. दोन्ही सभागृहांचं अधिवेशन चालू नसताना आणि तातडीची गरज असताना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राज्यपाल अध्यादेश काढतात. तो निघाल्या दिवसापासून पूर्ण ताकदीचा कायदा असतो. सप्टेंबर २०१३ मध्ये नांदेडला त्याखाली पहिला गुन्हा नोंदवलाही गेला. पण या ताकदीला एक मुदत चिकटलेली असते. विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याची जागा घेणारा कायदा झाला नाही, तर अध्यादेश आपोआप संपतो. २०१३ चं हिवाळी अधिवेशन नागपुरात डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झालं. म्हणजे जानेवारीच्या उत्तरार्धात अध्यादेश गतप्राण होणार होता, आणि मधल्या काळात दुसरं अधिवेशन नव्हतं. जे व्हायचं ते नागपुरातच.

अध्यादेश संपला की पुन्हा तोच काढायचा, अशी पळवाट सरकारं पूर्वी वापरत. ती उघडकीला आणली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या डी. सी. वाधवा या अभ्यासकाने. बिहार सरकारने १९६७ ते १९८१ या काळात तब्बल २५६ अध्यादेश विधिमंडळापुढे नेऊन कायद्यात न बदलता पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवल्याचं त्यांनी राजपत्रं चाळून दाखवलं आणि स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये घटनापीठाने या प्रथेला संविधानाशी प्रतारणा ठरवलं. पुण्याच्या ग्रंथालयात बसून एका माणसाने केलेल्या त्या कामामुळे २०१३ मध्ये महाराष्ट्र सरकारला टाळाटाळ करायला जागा फार थोडी उरली होती.

सामाजिक न्यायमंत्री शिवाजीराव मोघे यांचं हे विधेयक. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण. विधानसभेत विरोधी पक्षनेते एकनाथ खडसे, परिषदेत विनोद तावडे. चर्चा झाली, शंका आल्या, धार्मिक प्रथांना हात लागणार नाही याची हमी मागितली गेली. शुक्रवारी, १३ डिसेंबरला विधानसभेने विधेयक संमत केलं. बुधवारी, १८ तारखेला विधान परिषदेने. १९९५ मध्ये ज्या सभागृहाने हा कायदा करा असं म्हटलं होतं आणि ज्या सभागृहात २००५ चं विधेयक रुतून बसलं होतं, त्याच सभागृहाने.

दोन्ही सभागृहांनी संमत केलेलं विधेयकही अजून कायदा नसतं. ते राज्यपालांकडे जातं. त्यांच्यापुढे मोजके पर्याय असतात : संमती द्यायची, संमती रोखून फेरविचारासाठी संदेशासह परत पाठवायचं, किंवा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवायचं. परत आलेलं विधेयक विधिमंडळाने पुन्हा संमत केलं तर संमती रोखता येत नाही. शेवटचा पर्याय लागू होतो तो मुख्यतः समवर्ती सूचीतल्या विषयांत, जिथे राज्याचं विधेयक केंद्राच्या कायद्याला छेद देतं. महिलांवरील अत्याचारांसाठीचं ‘शक्ती’ विधेयक दोन्ही सभागृहांनी डिसेंबर २०२१ मध्ये संमत केलं, राष्ट्रपतींच्या संमतीसाठी ते दिल्लीला गेलं आणि तिथून कायदा होऊन परतलं नाही. दरम्यान १ जुलै २०२४ पासून मूळ भारतीय दंड संहिताच बदलली.

राज्यपालांनी किती दिवसांत निर्णय घ्यावा, हे संविधानात लिहिलेलं नाही. तमिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी एप्रिल २०२५ मध्ये मुदती घालून दिल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्रपतींच्या पृच्छेवर मत देताना पाच न्यायमूर्तींच्या पीठाने, न्यायालयाला अशा मुदती ठरवता येणार नाहीत, असं म्हटलं. दीर्घकाळ काहीच न करणं मात्र न्यायालयापुढे आणता येईल, एवढं दार उघडं ठेवलं. नागपूरच्या विधेयकाला या वादाची झळ लागली नाही. परिषदेने १८ ला संमत केलं आणि २० डिसेंबर २०१३ च्या राजपत्रात ‘सन २०१३ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ३०’ छापून आला.

त्यात एक तरतूद अशी की हा अधिनियम २६ ऑगस्ट २०१३ पासून अमलात आल्याचं मानावं. फौजदारी कायदा मागच्या तारखेने लावता येत नाही, हा संविधानाचा नियम सर्वांना माहीत असतो. मग हे कसं चाललं? कारण २६ ऑगस्टला ती कृत्यं अध्यादेशाने आधीच गुन्हा ठरलेली होती. कायद्याने नवा गुन्हा मागे नेला नाही. अध्यादेशाचा धागा तुटू दिला नाही, एवढंच. त्यामुळे मधल्या चार महिन्यांत नोंदवलेले गुन्हेही टिकून राहिले.

या कायद्याखाली किमान शिक्षा सहा महिने, कमाल सात वर्षं; दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. प्रोत्साहन देणाऱ्यालाही तीच शिक्षा. पोलीस निरीक्षकाच्या दर्जाखाली नसलेला दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. २०१३ नंतर कर्नाटकने २०१७ मध्ये आणि गुजरातने २०२४ मध्ये असे कायदे केले. त्यांनी महाराष्ट्राच्या अनुसूचीसारखीच यादीची वाट धरली.

वाचकांना एवढंच सांगायचं आहे. पुढच्या डिसेंबरात ‘नागपुरात अमुक विधेयक मंजूर’ असं वाचाल तेव्हा कोणत्या सभागृहात, हे आधी पाहा. एकाच सभागृहात असेल तर तीन महिन्यांनी आपल्या आमदाराला पत्र लिहून विचारा की दुसऱ्या सभागृहाचं काय झालं आणि नसेल झालं तर विधानसभा ते पुन्हा केव्हा घेणार. दोन्हींत झालं असेल तर राजपत्रातला अधिनियम क्रमांक शोधा. तो शासनाच्या संकेतस्थळावर मिळतो. आणि तुमच्या गावात भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला मारहाण होत असेल, एखाद्या बाईला करणी करणारी ठरवलं जात असेल, तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देताना सन २०१३ चा अधिनियम क्रमांक ३०, कलम ३, असा उल्लेख करा. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तो नोंदवायला पोलिसांना कोणाच्याही परवानगीची गरज नाही.